ड्रोनच्या शूटचं एडिटिंग: तलाव कधी दाखवायचा, चाल कशी सांभाळायची, वाऱ्याची घरघर कशी काढायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साकोली-लाखांदूरकडची, लग्नाचं शूटिंग करणारी बरीच मुलं आता ड्रोन उडवतात. उडवणं त्यांना छान जमतं, अडतं ते टेबलावर बसल्यावर. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकाच फिल्मच्या आधाराने देतो, म्हणजे नुसते नियम वाटणार नाहीत. फिल्म आहे आमच्या भागातल्या एका मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची. श्रावणात शूट केली आणि गणपतीत मंडपात पडद्यावर दाखवली. लांबी बरोबर दीड मिनिट. एडिटिंग डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत केलं आणि आवाजाचं काम ऑडॅसिटीत.

रिव्हील शॉट म्हणजे नेमकं काय? ड्रोन वर नेला की झाला ना?

नाही. प्रेक्षकापासून काहीतरी लपवलेलं असतं आणि ते एका सलग हालचालीत उघडतं, तेव्हा तो रिव्हील होतो. नुसता ड्रोन वर नेला तर आधी दिसत होतं तेच थोडं लांबून दिसतं.

आमच्या फिल्मचा पहिला कट मी असाच फसवला होता. सुरुवातीलाच तलावाचा उंचावरून घेतलेला सुंदर शॉट टाकला आणि चाळीस सेकंदांनंतर पाळीमागून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधामागून, वर चढणारा रिव्हील. गावातल्या एका आजोबांना दाखवला, तर ते म्हणाले, "तलाव तं तू पयलेच दाखवून टाकला, मंग आता वर चढून काय पाहाचं?" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रिव्हीलचं निम्मं काम त्याच्या आधीच्या शॉट्समध्ये होतं, आणि ते काम म्हणजे तलाव न दाखवणं.

मग रिव्हीलच्या आधी काय दाखवायचं?

प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील असं काहीतरी. आम्ही पाण्याचा माग घेतला. पहिला शॉट बांध्यांमधून, तीन मीटर उंचीवरून, रोवणी झालेल्या धानावरून पुढे सरकणारा. दुसरा पाटावरून, पाणी ज्या दिशेने येतं त्या दिशेला उलटा जाणारा. तिसरा तुडमातून, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या मोरीतून, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, जमिनीवरून ट्रायपॉडवर घेतलेला. चौथा पाळीच्या उताराचा. या सगळ्यांत पाणी दिसतं, पण ते येतं कुठून हे दिसत नाही. असे 36 सेकंद जातात आणि मग पाळ ओलांडली जाते.

तुमचा विषय तलाव नसेल, टेकडीवरचं देऊळ असेल किंवा गावाची वस्ती असेल, तरी तपासणी एकच: रिव्हीलच्या आधीचे सगळे शॉट एकेक थांबवून बघा. कुठे कोपऱ्यात ती वस्तू दिसते का? आमच्या दुसऱ्या शॉटमध्ये शेवटच्या दीड सेकंदात डाव्या वरच्या कोपऱ्यात पाण्याची चमकती पट्टी येत होती. तेवढा भाग कापला.

रिव्हील शॉट कुठून कुठपर्यंत ठेवायचा?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

पाळ सुमारे सहा मीटर उंच, तिच्यावर बेशरमची झुडपं आणखी दोनेक मीटर. ड्रोन पाळीच्या मागे, जमिनीपासून दोन मीटरवर ठेवला आणि सिने मोडमध्ये साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने वर, त्याचबरोबर हळूहळू पुढे नेला. म्हणजे झुडपांच्या शेंड्याशी, आठ मीटरवर, तो सहाव्या सेकंदाला पोचला आणि पहिलं पाणी दिसलं. अठराव्या सेकंदाला तो वीस मीटरवर थांबला. त्यानंतर आठ सेकंद काहीही न हलवता रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

एडिटिंगला बसल्यावर आधी एकच चौकट, म्हणजे फ्रेम, शोधायची: पाणी पहिल्यांदा दिसतं ती. तिथे `M` दाबून मार्कर टाका. बाकी सगळी मापं तिच्यापासून. मार्करच्या आधी तीन सेकंद ठेवले. एवढ्यात प्रेक्षकाला कळतं की आपण एका मातीच्या भिंतीसमोर आहोत आणि वर चाललो आहोत. त्याहून जास्त ठेवलं की भिंतच बघत बसावं लागतं. एकाच सेकंदावर आणलं तर भिंत कळायच्या आत ती संपते आणि उलगडा होतच नाही. मार्करनंतर चढण्याचे बारा सेकंद पूर्ण ठेवले आणि थांबल्यानंतरचे पाच. एकूण वीस.

शेवटचे पाच सेकंद कापायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. पण तलाव मोठा आहे. पलीकडचा काठ, मधले शिंगाड्याचे हिरवे पट्टे, जाळं टाकणारा एक डोंगा, हे सगळं डोळ्याला शोधू द्यावं लागतं. हालचाल थांबल्यावरच तो शोध सुरू होतो.

रिव्हीलच्या मध्येच चित्र एकदम गडद किंवा उजळ होतं. हे काय?

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ऑटोवर राहिलेलं असतं. पाळीमागे गर्द हिरवळ असते, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो. वर गेल्यावर समोर ढगाळ आभाळ आणि चमकतं पाणी, म्हणून तो झटकन उजेड कमी करतो. नेमकं तलाव उघडण्याच्या क्षणी प्रेक्षकाचं लक्ष त्या बदलाकडे जातं.

उपाय शूटच्या वेळचा आहे. एकदा वर जाऊन पाण्यावर एक्स्पोजर लॉक करा, व्हाइट बॅलन्सही लॉक करा, खाली या आणि मग शॉट घ्या. पाळ थोडी गडद येईल, ती कलर पेजवर उचलता येते. फूटेज आधीच बिघडलेलं असेल तर उजेड बदलतो तेवढ्या चौकटींत कीफ्रेम लावून उलटा बदल करता येतो, आणि पुष्कळदा निभावतं. पण ज्या चौकटीत आभाळ पूर्ण पांढरं पडलं आहे तिथे परत काही मिळत नाही. तो शॉट पुन्हा घ्यावा लागतो.

सगळे शॉट मी एकाच वेगाने उडवले, तरी फिल्मची चाल ओढाताणीची वाटते. का?

ड्रोनचा वेग आणि पडद्यावर दिसणारा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. सेकंदाला दोन मीटर हा वेग धानावरून तीन मीटर उंचीवर पळता वाटतो. तोच वेग चाळीस मीटरवर जवळजवळ थांबलेला वाटतो. हे दोन शॉट शेजारी लावले की बैलगाडीतून उतरून मोटारीत बसल्यासारखं होतं, नाही तर त्याच्या उलट.

यासाठी एक साधं मोजमाप आहे. शॉटमधली एखादी खूण धरा, एखादा बांध किंवा एकटं मोहाचं झाड, आणि ती पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती सेकंदांत जाते ते लिहून ठेवा. आमच्या फिल्ममध्ये धानाचा शॉट चार सेकंदांचा निघाला, पाटाचा नऊचा आणि उंचावरून गाव दाखवणारा बावीसचा. चार आणि बावीस शेजारी बसत नाहीत. बावीसचा दुप्पट वेगाने चालवला, अकरा झाला, आणि पाटाच्या चालीशी जुळला. धानाचा चारवाला मात्र हळू न करता तसाच सगळ्यांत पहिला ठेवला. सुरुवातीला चाल जलद असली आणि पुढे मंदावत गेली तर ते नैसर्गिक वाटतं. खूण अगदीच तीन सेकंदांच्या आत पडदा ओलांडत असेल तर शॉट मोठ्या पडद्यावर थरथरता दिसतो. असा शॉट वापरूच नका.

दुसरी गोष्ट सुरुवात आणि शेवटाची. काडी ढकलल्यावर ड्रोन वेग पकडतो, सोडल्यावर मंदावतो. प्रत्येक शॉटचे हे दोन्ही तुकडे कापून टाका, म्हणजे हालचाल चालू असतानाच कट होईल. एकच शॉट थांबू द्यायचा, तो रिव्हीलचा. बाकी कुठेही ड्रोन थांबत नसला तर ते थांबणं लक्षात राहतं.

वेग वाढवला की हिसके का बसतात?

बहुतेकदा आकडा चुकीचा असतो. वेग 200 टक्के केला की सॉफ्टवेअर एक सोडून एक चौकट घेतं, म्हणून चाल सारखी राहते. 125 टक्के केला की दर पाचवी चौकट गळते. चार चौकटी सारख्या आणि मग एक उडी, असं सतत चालतं आणि संथ शॉटमध्ये ते डोळ्याला खुपतं. म्हणून वाढवायचाच तर 200 किंवा 400.

हळू करायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसलेल्या चौकटी बनवाव्या लागतात. `Optical Flow` त्या बनवतो, पण पाण्यावरच्या लाटा आणि वाऱ्याने हलणारं धान यांत त्याला कोणता ठिपका कुठे गेला ते कळत नाही, आणि पानं वितळल्यासारखी दिसतात. आपल्याकडचं निम्मं फूटेज पाणी आणि धान यांचंच असतं. त्यामुळे हळू हवं असेल तर शूटच 50 किंवा 60 फ्रेमने करा.

मी वेग बदललाच नाही, तरी हिसका आहे.

मग टाइमलाइन 25 फ्रेमची आणि फूटेज 30 फ्रेमचं आहे का ते बघा. दर सहामधली एक चौकट गळत असणार, म्हणजे सेकंदाला पाच हिसके. ड्रोनच्या क्लिपला आवाज नसतो, त्यामुळे इथे एक सोपी सोय आहे. मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून `Clip Attributes` उघडा आणि `Video Frame Rate` 25 करा. क्लिप किंचित सावकाश, मूळच्या 83 टक्के वेगाने चालेल, पण एकही चौकट गळणार नाही. टाइमलाइनचा फ्रेम रेट मात्र फूटेज आत घ्यायच्या आधीच ठरवा. नंतर तो बदलू देत नाही.

आणि लॅपटॉप जुना असेल तर हिसका फाइलमध्ये आहे की मशीनमध्ये, हे आधी तपासा. `Playback` मेनूतून रिझोल्यूशन `Half` किंवा `Quarter` करून बघा. हिसका गेला तर फूटेज निर्दोष होतं. अडखळत चालणाऱ्या प्लेबॅकवर चाल कधीच ठरवू नका.

क्षितिज कललेलं आहे.

तलावाच्या फूटेजमध्ये हे लगेच दिसतं, कारण पलीकडच्या काठाची रेघ सरळ असायला हवी हे प्रत्येकाला माहीत असतं. `Rotation Angle` मध्ये एक अंश फिरवलं की कोपऱ्यांत काळं येतं, ते झाकायला साधारण तीन टक्के झूम पुरतो. तीन अंशांहून जास्त कललं असेल तर चित्राचा बराच भाग जातो.

माझ्या ड्रोनच्या क्लिपला आवाजच नाही. फाइल खराब झाली का?

नाही. छायाचित्रणाच्या बहुतेक लहान ड्रोनमध्ये माइकच नसतो. असता तरी पंख्यांच्या आवाजाशिवाय काही मिळालं नसतं. काही अ‍ॅप फोनच्या माइकवरून आवाज नोंदवतात, पण तो तुम्ही उभे असता तिथला असतो आणि त्यात ड्रोनची भुणभुण येतेच. ही भुणभुण अनेक सुरांची असते आणि त्यातले बरेच सूर माणसाच्या बोलण्याच्याच पट्टीत पडतात. ती काढायला गेलं की बोलणंही जातं.

म्हणून ड्रोन खाली उतरवून, बंद करून, आवाज वेगळा नोंदवायचा. आम्ही सकाळी सव्वासहाला, वारा पडलेला असताना, तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं नोंदवलं: बांधीत, तुडमापाशी, आणि पाळीवर. त्या दोन मिनिटांत कोणी बोलायचं नाही, चप्पलही घासायची नाही. पाळीवर टिटवी आणि अडई बदकांच्या शिट्ट्या मिळाल्या, ज्या दुपारी मिळाल्याच नसत्या.

वाऱ्याची घरघर मुळात कमी कशी करायची?

माइकवर वारा थेट आदळला की तिथल्या तिथे हवेचे भोवरे होतात आणि पडदा हलतो. ती घरघर माइकवरच तयार होते. म्हणून हवा माइकपाशी पोचायच्या आधीच मंद करावी लागते. लांब केसांचं फरचं कव्हर, ज्याला डेड कॅट म्हणतात, तेच करतं. ते नसेल तर जत्रेत मिळणाऱ्या लांब केसांच्या खेळण्याचं कापड सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलेला रुमाल वारा फारसा अडवत नाही आणि आवाज मात्र कोंदट करतो. जागाही महत्त्वाची: पाळीच्या माथ्यावर न बसता वारा लागत नाही त्या बाजूला, माथ्यापासून दोन हात खाली, माइक ठेवा.

लेव्हल कमी ठेवा. मोठी झुळूक आली आणि मीटर वर टेकलं की तो आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजावर कुठलाच फिल्टर चालत नाही.

माझ्या फोनवर आवाज स्वच्छ वाटला, पण मंडपात धडधड आली.

अगदी हेच आमच्याकडे झालं. तालमीच्या वेळी मंडपातल्या मोठ्या बॉक्सवर फिल्म लावली आणि पाळीचा आवाज सुरू होताच कोणीतरी पत्र्यावर हात आपटावा तसं ऐकू आलं. वाऱ्याच्या घरघरीचा मोठा भाग 200 हर्ट्झच्या खाली असतो. फोनचा छोटा स्पीकर तेवढं खालचं वाजवतच नाही, म्हणून दोष कळत नाही. मिक्सिंग करताना हेडफोन घाला, आणि शक्य असेल तर जिथे दाखवायचं आहे त्या बॉक्सवर एकदा ऐका. एक खूण डोळ्यानेही दिसते: काहीच ऐकू येत नसताना मीटर उड्या मारत असेल, तर तो वारा आहे.

ती घरघर काढायची कशी?

क्रमाने जा. आधी कात्री. दोन मिनिटांच्या नोंदीत झुळका कुठे कुठे आल्या ते ऐका आणि ते तुकडे सरळ कापा. पाण्याची धार एकसारखी असते, त्यामुळे दुसरीकडचा शांत तुकडा आणून दोन्ही टोकांना सेकंदभर क्रॉसफेड दिला की सांधा कळत नाही. आमच्या पाळीच्या दोन मिनिटांतून चांगले सत्तर सेकंद निघाले आणि फिल्मला तेवढे पुष्कळ झाले.

मग हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा. ऑडॅसिटीत `High-Pass Filter` उघडा, उतार 24 डीबी ठेवा. फक्त पाणी आणि पाखरं असतील तर 200 ते 250 हर्ट्झपर्यंत बिनधास्त जा, त्यांच्या आवाजात तिथे खाली फारसं काही नसतं. माणूस बोलत असेल तर 80 पासून सुरू करून हळूहळू वर या. आवाज पातळ, टेलिफोनसारखा वाटू लागला की थोडं मागे फिरा. आमच्या फिल्ममध्ये आजोबांचं बोलणं आहे, त्यासाठी 100 वर थांबलो. बऱ्याच फाइल करायच्या असतील तर ffmpeg च्या कमांडनेही होतं, दर वेळी फक्त फाइलचं नाव बदलायचं. फिल्टर दोनदा लिहिला की उतार दुप्पट तीव्र होतो:

```
ffmpeg -i pal.wav -af "highpass=f=200,highpass=f=200" pal-saf.wav
```

यानंतरही बोलण्यामागे वाऱ्याचा सुसाटा राहिला तरच नॉइज रिडक्शन वापरा. बोलणं नसलेला एखादा सेकंद नमुना म्हणून द्या आणि 6 ते 8 डीबीवर थांबा. 20 डीबी ठेवलं तर माणूस हंड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. तुडमाच्या धारेवर मात्र नॉइज रिडक्शन अजिबात लावू नका. पाण्याची धार म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेली खळखळ. सॉफ्टवेअरला ती आणि गोंगाट यांत फरक कळत नाही आणि ते पाणीच पुसून टाकतं. मी एकदा तसं केलं होतं. उरलं ते फक्त टिपटिप.

रिव्हीलला आवाज कसा जोडायचा?

आम्ही दोन्ही करून पाहिलं. तलावाचा आवाज पाणी दिसतं त्याच चौकटीला एकदम सुरू केला तर दार उघडल्यासारखा धक्का बसतो, तो इथे नको होता. शेवटी असं ठेवलं: पाळीमागच्या तीन सेकंदांत तुडमाची धार हळूहळू उतरते. मार्करच्या दोन सेकंद आधी तलावाचा आवाज अगदी मंद सुरू होतो, त्यातल्या वरच्या सुरांच्या पट्ट्या कापलेल्या, जणू मधे माती आहे. मार्करनंतर चार सेकंदांत तो कापलेला भाग उघडत जातो आणि आवाज भरतो. टिटवीची पहिली हाक शॉट थांबतो तिथे येते. नोंदीत ती दुसरीकडे होती, मी सरकवली.

संगीत?

रिव्हीलच्या वीस सेकंदांत नको. बाकी ठिकाणी बोलण्याच्या आणि पाण्याच्या खाली, बेताने.

परवानगी लागते का? आणि पक्ष्यांचं काय?

ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्ये 120 मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण आपलं गाव कुठल्या झोनमध्ये आहे ते डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी बघा. ड्रोनच्या नोंदणीचे नियम वेगळे आहेत, तेही वाचून घ्या. नवेगाव-नागझिरा किंवा ताडोब्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका.

गोंदिया-भंडाऱ्यात सारस आहेत, आणि त्यांची घरटी पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत नि तलावाच्या काठाला असतात, म्हणजे नेमकी आपल्या शूटच्या दिवसांत. जोडी दिसली तर तो काठ सोडा. आम्ही पाळीचा शॉट त्यासाठीच सातशे-आठशे मीटर पलीकडे, तलावाच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथे झुडपं जास्त होती, म्हणून पाणी दिसायला ड्रोनला दोन मीटर जास्त चढावं लागलं. वर सांगितलेला सहावा सेकंद त्यामुळेच आहे, नाही तर चौथ्यालाच पाणी दिसलं असतं.